टबातला फेस की डोक्यावरचा शाम्पू: लहान मुलांसाठी निवड करताना

लेक तीन वर्षांची झाली, तेव्हा आमच्या न्हाणीघरात दोन बाटल्या शेजारी शेजारी आल्या. एक होती डोळ्यांना न झोंबणाऱ्या शाम्पूची आणि दुसरी टबात ओतायच्या फेसाची, म्हणजे बबल बाथची. दोन्हींवर ‘सौम्य’ हा शब्द छापलेला होता. वर्षभर दोन्ही वापरून पाहिल्यावर एकच बाटली न्हाणीघरात राहिली. ती कोणती आणि का, हे सांगण्यापूर्वी ‘सौम्य’ या शब्दाचा अर्थ दोन्ही ठिकाणी सारखा नाही, एवढे मांडणे मला आवश्यक वाटते.

न झोंबणाऱ्या शाम्पूत डोळा बधिर करणारे काहीतरी घातलेले असते, अशी समजूत आमच्या शेजारीपाजारीही आहे. तसे काही नसते. असे शाम्पू 1950 च्या दशकात बाजारात आले आणि त्यांचे मर्म मळ काढणाऱ्या रसायनांच्या निवडीत आहे. नेहमीच्या शाम्पूत ऋणभारित रसायनांचा, उदाहरणार्थ सोडियम लॉरेथ सल्फेटचा, भर असतो. मुलांच्या शाम्पूत त्याचे प्रमाण कमी करून धन आणि ऋण असे दोन्ही भार बाळगणारी रसायने घालतात. कोकामिडोप्रोपिल बेटेन किंवा कोकोअ‍ॅम्फोअ‍ॅसिटेट ही नावे बाटलीच्या मागच्या यादीत दिसली, तर ती हीच. त्यांच्या जोडीला पीईजी-80 सॉर्बिटन लॉरेटसारखे भाररहित रसायनही अनेकदा असते. पाण्यात या सगळ्यांचे रेणू एकत्र येऊन मोठे पुंजके बनवतात. पुंजका मोठा असल्याने त्वचेच्या किंवा बुबुळाच्या थरांत सहज शिरत नाही; झोंबतो तो मुख्यतः पुंजक्याबाहेर सुटा फिरणारा रेणू. मिश्रण नीट जुळले की सुटे रेणू कमी राहतात आणि डोळा चुरचुरत नाही.

आम्लतेचाही यात वाटा आहे, पण जाहिरातीतून वाटतो तितका सरळ नाही. अश्रूंचा सामू साधारण 7.4 असतो, म्हणून शाम्पूही त्याच्या आसपास ठेवण्याची जुनी पद्धत होती. हल्लीच्या अनेक बाटल्यांत टिकवणारे द्रव्य म्हणून सोडियम बेन्झोएट असते आणि ते आम्लयुक्त मिश्रणातच नीट काम करते, त्यामुळे सामू पाचच्या जवळ आणावा लागतो. त्वचेला ते मानवते, कारण तिचा स्वतःचा सामूही साडेपाचच्या आसपास असतो. डोळ्यालाही ते बहुधा चालते, परंतु ‘अश्रूंसारखा’ असे म्हणणे मग फारसे खरे उरत नाही. आमच्या आईच्या काळात रिठ्याने डोके धुतल्यावर मुले अंगणभर रडत फिरत असत, तेव्हा नैसर्गिक म्हणजे सौम्य असेही गृहीत धरू नये.

आता बबल बाथकडे वळतो. त्याची घडण बहुतेक शाम्पूसारखीच असते, पण चमचाभर द्रवाने टबभर फेस उभा राहावा ही त्याच्याकडून अपेक्षा असते, म्हणून भरपूर फेस देणाऱ्या रसायनांकडे त्याचा कल अधिक असतो. सौम्य मिश्रणाचा फेस बारीक आणि सायीसारखा असतो आणि तो लवकर बसतो. मोठे, कोरडे, टिकणारे बुडबुडे हवे असतील तर सौम्यतेत थोडी तडजोड होतेच. सगळ्याच बाटल्यांत ती सारखी असते असे मी म्हणणार नाही, पण मी वापरलेल्या दोन्हींत ती जाणवली.

येथे एक हिशेब मांडतो. आमचा प्लास्टिकचा टब पंचवीस लिटरचा आहे. त्यात दोन झाकणे, म्हणजे वीस मिलिलिटर द्रव ओतला आणि त्यातला मळ काढणारा भाग पंधरा टक्के धरला, तर टबात तीन ग्रॅम रसायन गेले. हे प्रमाण लिटरला जेमतेम 0.12 ग्रॅम होते. उलट, डोक्यावर तीन मिलिलिटर शाम्पू घेऊन केसांतल्या साधारण तीस मिलिलिटर पाण्यात चोळला, तर तेथे लिटरला पंधरा ग्रॅम भरतात. म्हणजे टबातले पाणी शंभरपटीहून अधिक पातळ आहे, मग त्याचा त्रास व्हावा तरी कसा? मीही बरेच दिवस याच तर्काने निश्चिंत होतो.

या तर्कात दोन गोष्टी सुटतात. पहिली अशी की मिश्रण खूप पातळ केले, की पुंजके विस्कटतात आणि सुट्या रेणूंचा वाटा वाढतो. त्यामुळे द्रव शंभरपट पातळ केल्याने त्याचा बोचरेपणाही शंभरपट कमी होईलच असे नाही. दुसरी गोष्ट अधिक साधी आहे. शाम्पू मिनिटभर डोक्यावर राहतो आणि धुऊन जातो, तर टबात मूल वीस मिनिटे कोमट पाण्यात बसलेले असते. कोमट पाण्याने त्वचा मऊ पडून फुगते, तिचे नैसर्गिक तेल निघते आणि तेच पाणी कातडीच्या घड्यांत आणि लघवीच्या जागेभोवती खेळत राहते. लहान मुलींच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. वयात येण्यापूर्वी इस्ट्रोजेन कमी असल्याने तेथील आवरण पातळ आणि नाजूक असते, म्हणून बालरोगतज्ज्ञ त्या जागेच्या जळजळीत साबण आणि फेसाचे पाणी आधी बंद करायला सांगतात. अमेरिकेत तर अशा फेसाळ उत्पादनांवर, अतिवापराने किंवा दीर्घ संपर्काने त्वचेला आणि मूत्रमार्गाला दाह होऊ शकतो, ही सूचना अन्न व औषध प्रशासनाच्या नियमाप्रमाणे छापावी लागते.

माझा निर्णय मात्र या वाचनाने झाला नाही; तो झाला खोबरेल तेलामुळे. आमच्याकडे आंघोळीआधी मुलांच्या डोक्याला आणि अंगाला तेल लावण्याची पद्धत आहे आणि ती मोडण्याचे धाडस घरात कोणाला नाही. तेल फेसाचा शत्रू आहे. तेल लावलेले मूल टबात बसले, की पाचेक मिनिटांत सगळे बुडबुडे बसतात, वर तवंग तेवढा उरतो आणि लेक ‘बाबा, फेस गेला’ म्हणून भोकाड पसरते. मग आणखी एक झाकण आणि थोड्या वेळाने आणखी एक. बाटलीवरच्या प्रमाणाचा हिशेब तेथेच संपतो; आमच्या टबात चार-चार झाकणे जात होती, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले.

नंतर ते धुवायचे काम असे. आमच्या फोंड्याकडच्या घरी विहिरीचे पाणी मऊ आहे, त्यात फेस उदंड होतो आणि अंगावरचा बुळबुळीतपणा काही केल्या जात नाही. शाम्पूनंतर डोक्यावर पाच तांबे पाणी पुरते, असा माझा अनुभव आहे. बबल बाथनंतर मी एकदा मोजले, तर अकरावा तांबा ओतल्यावरही पाठीवर बोट घसरत होते. तोवर लेक थंडीने कुडकुडू लागायची, म्हणून अनेकदा आठव्या तांब्यालाच टॉवेल गुंडाळला जाई आणि उरलेले रसायन अंगावरच सुकत असे.

मे महिन्यात, सुट्टी असल्याने हा टब दिवसाआड होऊ लागला, आणि तिसऱ्या आठवड्यात लेक लघवीला जायला नको म्हणू लागली. जळजळ होते, एवढेच ती सांगे. ताप नव्हता. डॉक्टरांनी लघवीची तपासणी करून घेतली. त्यात जंतुसंसर्ग निघाला नाही. मग त्यांनी विचारलेला पहिलाच प्रश्न होता, ‘टबात फेस करता का?’ बबल बाथ बंद केला, साध्या कोमट पाण्याने धुणे आणि सुती चड्डी एवढेच चार दिवस केले, आणि तक्रार थांबली. एका मुलीच्या अनुभवावरून नियम काढू नये हे मला मान्य आहे. शेजारच्या घरातला मुलगा तोच फेस वापरून खुशाल आहे. आणि अशा तक्रारीला ताप असेल किंवा पोट दुखत असेल, तर फेसावर खापर फोडून थांबू नये, तपासणी करून घ्यावी.

शाम्पूची बाजू निर्दोष आहे असे नाही. सौम्य असल्यामुळेच तो खोबरेल एका धुण्यात काढत नाही. मिरामारहून वाळू आणि खारे पाणी घेऊन आलेले, वर तेल चोपडलेले केस असतील, तर दोनदा लावावा लागतो. पहिल्या वेळी फेस जवळजवळ येतच नाही आणि शाम्पू नासला की काय असे वाटते. आम्ही आता आंघोळीआधी तेल कमी लावतो आणि उरलेली हौस केस सुकल्यावर भागवतो. दुसरे असे की डोळ्याला झोंबत नाही म्हणजे त्वचेला कधीच खुपणार नाही असे नव्हे. बेटेन हे नाव चांगल्या अर्थाने घेतले जात असले, तरी त्याच्या निर्मितीत राहून जाणाऱ्या अशुद्ध अंशांची काही जणांना अ‍ॅलर्जी होते, आणि सुवासाची तर त्याहून अनेकांना. कानामागे किंवा मानेवर लाल चट्टा उठला, तर शाम्पूचा संशय आधी घ्यावा. म्हणून दोन सौम्य शाम्पूंत निवड करायची झाली, तर मी बिनवासाचा घेतो.

तळाशी उरलेल्या शाम्पूत पाणी घालून तो वाढवण्याची आपली सवयही येथे नडते. पाण्याबरोबर टिकवणारे द्रव्यही पातळ होते आणि पावसाळ्याच्या दमट दिवसांत अशा बाटलीत जंतू वाढायला वाव मिळतो. वास बदलला किंवा द्रव गढूळ दिसला, की मी बाटली रिकामी करतो.

ज्यांच्या मुलांना टबाशिवाय आंघोळच चालत नाही, त्यांनी फेस हवाच असेल तर आठवड्यातून एकदा, तेल न लावता, एकाच झाकणाने, दहा मिनिटांपुरता करून पाहावा आणि शेवटी स्वच्छ पाणी घेताना हात आखडू नये, असे मला वाटते. त्वचा कोरडी असणाऱ्या किंवा इसबाची प्रवृत्ती असणाऱ्या मुलांच्या बाबतीत मी तेवढेही सुचवणार नाही. आमच्या घरी मात्र टबात साधे पाणी असते, लेक त्यात हवी तितकी खेळते, आणि शाम्पू अगदी शेवटी, उभे राहून लावला जातो, म्हणजे त्याच्या पाण्यात तिला बसावे लागत नाही.

बबल बाथची अर्धी बाटली टाकून द्यायचे जिवावर आले होते. ती आता अंगणात असते. करवंटीत थोडा द्रव आणि पाणी कालवून, पपईच्या पानाच्या पोकळ देठाने लेक माडाच्या खोडाशी फुगे सोडत बसते, आणि तेथे तेल नसल्यामुळे ते बराच वेळ टिकतात.