एका लॉगिनवर तीन चॅनेल: जीमेलचं चॅनेल की ब्रँड अकाउंट?

चिपळूणच्या मामीचं रेसिपीचं यूट्यूब चॅनेल तिच्या रोजच्या जीमेलवर चालतं. या मे महिन्यात तिने मला विचारलं, "मामांच्या हापूसच्या बागेचं एक आणि आमच्या भजनी मंडळाचं एक, अशी आणखी दोन चॅनेल काढायची आहेत. त्यासाठी नवीन जीमेल काढू की याच्यावरच होतील?" उत्तर एका वाक्यात देता आलं नाही, कारण या दोन चॅनेलांचं उत्तर वेगवेगळं निघालं.

जीमेलने लॉगिन करून आपण जे पहिलं चॅनेल काढतो, ते थेट त्या गूगल अकाउंटला जोडलेलं असतं. यालाच आपण पर्सनल चॅनेल म्हणतो. त्याच लॉगिनमधून दुसरं चॅनेल काढलं की गूगल त्याच्यासाठी मागे एक ब्रँड अकाउंट तयार करतं. त्याला स्वतःचा पासवर्ड नसतो आणि इनबॉक्सही नसतो. त्याला मालक असतात, आणि ते आपापल्या जीमेलने आत येतात. youtube.com/channel_switcher हे पान उघडलं की आपल्या लॉगिनवरची सगळी चॅनेल एकाखाली एक दिसतात, आणि नवीन चॅनेलही तिथूनच काढता येतं. एका लॉगिनवर 100 पर्यंत चॅनेल सांभाळता येतात, त्यामुळे संख्येची अडचण घरगुती माणसाला कधी येणार नाही.

पूर्वी लोक ब्रँड अकाउंटकडे वळायचे ते नावासाठी. पर्सनल चॅनेलचं नाव बदललं की जीमेलवरचं नावही बदलायचं, आणि बँकेला पाठवलेल्या मेलवर 'कोकणी चूल' असं काहीतरी दिसायचं. 2021 पासून तसं होत नाही, चॅनेलचं नाव आणि फोटो जीमेलपासून वेगळे ठेवता येतात. म्हणून केवळ नावासाठी आता ब्रँड अकाउंट काढू नये.

मदतनीस जोडण्याचंही तसंच आहे. मामीचे व्हिडिओ तिचा मुलगा पुण्याहून एडिट करतो आणि इतकी वर्षं तो तिचाच पासवर्ड वापरत होता. पर्सनल चॅनेललाही यूट्यूब स्टुडिओत Settings मध्ये Permissions आहे. तिथून त्याच्या जीमेलला Editor केलं की तो व्हिडिओ टाकू शकतो आणि मथळे बदलू शकतो, पण माणसं जोडू-काढू शकत नाही आणि चॅनेलही मिटवू शकत नाही. कमाईचे आकडे दाखवायचे नसतील तर Editor (limited) आहे. पासवर्ड देण्याची गरजच उरली नाही. रेसिपीचं चॅनेल होतं तसंच ठेवायचं, हे इथेच ठरलं.

मग फरक उरतो कुठे? मालकीत. पर्सनल चॅनेलचा मालक ते गूगल अकाउंट. ते दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही आणि अकाउंट बंद झालं की चॅनेलही जातं. ब्रँड अकाउंटला एकापेक्षा जास्त मालक ठेवता येतात आणि त्यातला एक प्रायमरी ओनर असतो. उद्या दुसऱ्या कुणाला प्रायमरी करायचं, तर तो माणूस आधी किमान 7 दिवस मालक असावा लागतो. त्यामुळे सेक्रेटरी बदलला की त्याच संध्याकाळी सगळं हातात देऊ म्हटलं तर जमत नाही, आठवडाभर आधी त्याला मालक म्हणून जोडून ठेवावं लागतं. भजनी मंडळ ही कुणा एकाची मालमत्ता नव्हे, म्हणून त्याच्यासाठी ब्रँड अकाउंटच हवं.

पण ते मामीच्या लॉगिनखाली मात्र नको, असं माझं ठाम मत आहे. कारण कॉपीराइट. तुकोबांचा अभंग कुणाच्याही मालकीचा नाही, पण एखाद्या कंपनीने काढलेलं त्या अभंगाचं रेकॉर्डिंग कंपनीचं असतं. मंडळी हौसेने तयार ट्रॅकवर गातात किंवा पालखीच्या व्हिडिओमागे एखादी गाजलेली चाल लावतात. बहुतेक वेळा त्यावर नुसता क्लेम येतो, म्हणजे जाहिरातीचे पैसे मूळ मालकाकडे जातात आणि चॅनेलला धोका नसतो. मालकाने रीतसर व्हिडिओ काढायला लावला तर मात्र स्ट्राइक बसतो. तो 90 दिवस राहतो. त्या मुदतीत असे तीन झाले, तर फक्त तेच चॅनेल नाही, त्या अकाउंटशी जोडलेली बाकीची चॅनेलही बंद होऊ शकतात. म्हणजे मंडळातल्या कुणीतरी लावलेल्या तीन गाण्यांपायी मामीची सात वर्षांची सांदणं, घावणे आणि उकडीचे मोदक जातील. एका लॉगिनची सोय सगळे सांगतात, ही बाजू फारसं कुणी सांगत नाही.

मामांच्या बागेच्या चॅनेलला ती भीती नाही. कलमं, मोहर, पेट्या भरणं हे सगळं स्वतः काढलेलं चित्रण, आणि कॅमेरा मामीच्याच हातात. ते तिच्या लॉगिनवर ब्रँड अकाउंट म्हणून काढलं. कमाईची अट मात्र प्रत्येक चॅनेलने वेगळी पुरी करायची असते. जाहिरातीच्या वाट्यासाठी 1000 सबस्क्रायबर आणि 12 महिन्यांत 4000 तास पाहणं, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यूज. रेसिपीचे तास बागेला मिळत नाहीत. पैसे घ्यायला मात्र दोन्ही चॅनेल एकाच अ‍ॅडसेन्सला जोडता येतात.

दोन गोष्टींत लोक हमखास अडकतात. पहिली फोन नंबरची. 15 मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ किंवा स्वतःचा थंबनेल टाकायला चॅनेल फोनने व्हेरिफाय करावं लागतं, आणि एका नंबरवर वर्षात दोनच चॅनेल होतात. भजनाचा कार्यक्रम तासाभराचा, त्यामुळे मंडळाच्या चॅनेलला सेक्रेटरींचा नंबर वापरला. दुसरी गोष्ट, सबस्क्रिप्शन, पाहिलेल्याची नोंद आणि कमेंट प्रत्येक चॅनेलच्या वेगळ्या असतात. आपण कोणत्या चॅनेलवर आहोत हे वरच्या कोपऱ्यातला फोटो सांगतो. मामीने पहिल्याच आठवड्यात आमरसाच्या प्रश्नाचं उत्तर बागेच्या नावाने दिलं होतं. आता ती उत्तर लिहिण्याआधी फोटो बघते.

जुनं पर्सनल चॅनेल ब्रँड अकाउंटवर हलवायचं असेल, तर Settings मधल्या Advanced settings मध्ये तशी सोय आहे. व्हिडिओ आणि सबस्क्रायबर सोबत येतात. पण ज्या ब्रँड अकाउंटवर हलवता, तिथे आधीच एखादं चॅनेल असेल तर त्यातलं सगळं पुसलं जातं. म्हणून हलवायचं तर रिकाम्या, नव्या ब्रँड अकाउंटवरच हलवावं, आणि यादीतलं नाव दोनदा वाचून मगच पुढे जावं.

मंडळासाठी शेवटी वेगळं जीमेल काढलं. त्यावरून ब्रँड अकाउंटचं चॅनेल काढलं, प्रायमरी ओनर मंडळाचं जीमेल आणि दुसरे मालक सेक्रेटरी. मंडळाचा पासवर्ड अध्यक्षांच्या वहीत आहे आणि दोन टप्प्यांचं व्हेरिफिकेशन चालू आहे. मामी त्या चॅनेलवर फक्त गाते, मालकांच्या यादीत तिचं नाव मुद्दाम ठेवलं नाही.