आकाशिक रेकॉर्ड: रीडिंग घ्यावं, की स्वतः उघडायला शिकावं?

गेल्या श्रावणात सांगलीहून ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी मावसबहीण, वय ५२, राहते गावभागात, नदीपासून हाकेच्या अंतरावर. विश्रामबागेत फ्लॅट बघून ठेवलाय, टोकन द्यायचं बाकी आहे, पण जुनं घर सोडवत नाही. मैत्रिणीनं तिला आकाशिक रेकॉर्डबद्दल सांगितलं होतं. "रीडिंग घेऊ, की दोन दिवसांचा कोर्स करून स्वतःच उघडायला शिकू?" असं तिनं विचारलं. पुढचे दोन महिने मी साताऱ्यात आणि ती सांगलीत बसून या दोन्ही वाटा तपासल्या. तिच्यासारखाच विचार करणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

मानणारे काय म्हणतात ते आधी त्यांच्याच बाजूनं सांगते. प्रत्येक जिवाचा प्रत्येक जन्मातला विचार, शब्द, कृती आकाशतत्त्वात कायमची नोंदली जाते. ही नोंद सांभाळणारे ‘मास्टर्स’ असतात. ठरावीक प्रार्थना मोठ्यानं म्हटली आणि ज्याची नोंद बघायची त्याचं कागदोपत्री असलेलं पूर्ण नाव घेतलं, की ती उघडते. दुसऱ्या कुणी आपली नोंद उघडून त्यातलं आपल्याला सांगितलं, की त्याला रीडिंग म्हणतात आणि सांगणाऱ्याला रीडर. आधीचे २४ तास मद्य घ्यायचं नाही. माणसाची परवानगी नसेल तर त्याची नोंद उघडायची नाही, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांचीही नाही. आणखी एक नियम म्हणजे ‘कधी होईल’ आणि ‘हो की नाही’ असे प्रश्न विचारायचे नाहीत, ‘का’ आणि ‘कसं’ विचारायचं. हा शेवटचा नियम लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येणार आहे.

‘हे आपल्या वेदांतच आहे’ असं जवळजवळ प्रत्येक ठिकाणी सांगितलं जातं. ‘आकाश’ हे नाव आपलं आहे. पंचमहाभूतांतलं आकाश आणि त्याचा शब्द, म्हणजे ध्वनी, हा गुण आपल्या दर्शनांत आहे. पाप-पुण्याचा हिशेब ठेवणारा चित्रगुप्तही आपलाच. पण ‘आकाशातलं रेकॉर्ड’ ही जोडणी गूढविद्येचा अभ्यास करणाऱ्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या मंडळींनी केली. सोसायटी १८७५ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली आणि नंतर तिचं मुख्यालय मद्रासजवळच्या अड्यारला आलं. १८८३ मध्ये सोसायटीतल्या ए. पी. सिनेट यांच्या लिखाणात ही कल्पना येते आणि १८९९ मध्ये तिथल्याच लेडबीटर यांनी ‘आकाशिक रेकॉर्ड’ हेच शब्द वापरून ती सविस्तर मांडली. पतंजलींच्या योगसूत्रांत तिसऱ्या पादात पूर्वजन्माच्या ज्ञानाचं सूत्र आहे: ‘संस्कारसाक्षात्करणात् पूर्वजातिज्ञानम्’. तिथे साधकानं स्वतःच्या संस्कारांवर संयम, म्हणजे खोल ध्यान, करायचं आहे. दुसऱ्याचं नाव घेऊन त्याची वही उघडणं त्या सूत्रात नाही. शिवाय त्याच पादात अशा सिद्धी समाधीच्या वाटेतले अडथळे आहेत, असं स्पष्ट म्हटलंय. ताईला हे वाचून दाखवलं तेव्हा ती गप्प झाली, कारण परंपरेच्या भरवशावरच ती निम्मी तयार झाली होती.

अमेरिकेत एडगर केसी (१८७७ ते १९४५) या गृहस्थांमुळे ही कल्पना घरोघरी गेली. ते आडवे होऊन, डोळे मिटून बोलत आणि शेजारी बसून कुणीतरी ते उतरवून घेई. अशी सुमारे १४,००० रीडिंग्ज जपून ठेवलेली आहेत, आणि बरीचशी माहिती या नोंदींतून मिळते असं ते सांगत. समुद्रात बुडाल्याची दंतकथा असलेल्या अटलांटिस बेटाचा एक भाग १९६८-६९ मध्ये पुन्हा वर येईल, हे त्यांच्या रीडिंगमधलं विधान. तो आला नाही. केसींनी निदान वर्ष तरी सांगितलं, म्हणून तपासता आलं. आजच्या रीडिंगमध्ये ‘कधी’ विचारायचंच नसतं, त्यामुळे चूक सापडायची मुख्य जागाच बंद होते. मग भूतकाळ उरतो. नोंदीत सगळं घडलेलं असेल, तर घडून गेलेलं तरी बरोबर यायला हवं. आमची सगळी तपासणी एवढ्याच मुद्द्यावर उभी होती.

ताईनं पहिली वाट धरली. एका रीडर बाईंशी फोनवर पन्नास मिनिटं, अडीच हजार रुपये, आणि रेकॉर्डिंग करायला परवानगी. ही परवानगी आधीच मागा. ‘ऊर्जेत अडथळा येतो’ म्हणून कुणी नाही म्हटलं तर तिथेच थांबा, कारण रेकॉर्डिंगशिवाय आठवणीत फक्त जुळलेलंच उरतं. नंतर ती साताऱ्याला आली तेव्हा आम्ही रेकॉर्डिंग थांबवत थांबवत ऐकलं आणि प्रत्येक विधान वहीत उतरवलं. ३१ विधानं निघाली. त्यांतली १८ अशी, की कुणालाही लागू पडावीत: ‘तुम्ही सगळ्यांचं करता, पण तुमचं कुणी विचारत नाही.’ चार विधानं मागच्या जन्मांची, दक्षिणेतलं देऊळ वगैरे, ती तपासायला मार्गच नाही. उरली नऊ.

या नऊंपैकी पाच गोष्टी ताईनं स्वतःच आधी सांगितल्या होत्या. हे तिला पटेना, म्हणून आम्ही मागे जाऊन ऐकलं. सातव्या मिनिटाला ताई म्हणते, "सासूबाई गेल्यापासून घर खायला उठतं." अठ्ठाविसाव्या मिनिटाला त्या बाई म्हणतात, "एक वयस्कर स्त्री दिसतेय, सासरकडची, तिचा जीव त्या वास्तूत आहे." तेव्हा ताईच्या अंगावर काटा आला होता. त्या बाई मुद्दाम फसवत होत्या असं मी म्हणणार नाही, त्यांचा सूर खरोखर मायेचा होता. ऐकलेलं मनात राहतं आणि वीस मिनिटांनी आतून उमटल्यासारखं बाहेर येतं. बोलणाऱ्यालाही ते कळत नाही.

राहिली चार. ‘तुम्ही तिघं भावंडं’ हे चूक, दोघं आहेत. ‘वडिलांचा व्यवसाय होता’ हेही चूक, ते शिक्षक होते. ‘डावा गुडघा’ बरोबर. आणि ‘पाण्यानं तुमचं काहीतरी हिरावून घेतलंय’ हेही बरोबर. या शेवटच्या वाक्यावर ताईचा सगळा विश्वास उभा होता. पण त्या बाईंना ती सांगलीची आहे हे माहीत होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ आहे. गावभागात कुणाचंही दार वाजवून हे वाक्य म्हणा, समोरच्याच्या डोळ्यांत पाणी येईल. पन्नाशीच्या बाईच्या गुडघ्याचंही तसंच.

मग आम्ही ती १८ विधानं आणि वरची पाण्याची ओळ यांतली दहा वाक्यं निवडून ताईच्या भिशीतल्या चौघींना एकेकटीला दिली, आणि ‘तुझ्यासाठी रीडिंग आलंय, किती जुळतंय सांग’ एवढंच म्हणालो. उत्तरं आली ७, ८, ७ आणि ६. ताईनं स्वतः दिले होते ८. (चौघींना लगेच खरं सांगितलं.) १९४८ मध्ये बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञानं ३९ विद्यार्थ्यांवर हेच केलं होतं. सगळ्यांना एकच वर्णन ‘खास तुझं’ म्हणून दिलं, तेव्हा अचूकतेला सरासरी ५ पैकी ४.२६ गुण मिळाले. आपल्याकडे जयंत नारळीकर यांनी, साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांसह काही जणांच्या साथीनं, पत्रिकांची चाचणी घेतली होती. मूल हुशार की मतिमंद, एवढंच पत्रिकेवरून ओळखायचं होतं. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिकांची उत्तरं पाठवली, त्यांतली ४६ टक्के बरोबर निघाली. नाणं उडवूनही निम्मी बरोबर येतात. त्या चाचणीत माणूस समोर नव्हता, म्हणून बोलण्यातून काही गळायची सोयच नव्हती. रीडिंगसाठीही तसंच करता येईल: पाच जणांनी फक्त पूर्ण नाव आणि परवानगी लेखी द्यायची, रीडिंगही लेखी घ्यायचं, नावं काढून पाचही सगळ्यांना द्यायची आणि आपापलं ओळखायला सांगायचं. निव्वळ अंदाजानं सरासरी एक बरोबर येतं. ताईनं दोघा रीडरना विचारलं. दोघांनीही नकार दिला. ‘शंकेनं दार बंद होतं’ असं एकांनी कळवलं.

दुसरी वाट शिकण्याची. इथे मला वेगळं दिसलं. ताईनं महागडा कोर्स न करता मैत्रिणीकडून प्रार्थना घेतली आणि २१ दिवस पहाटे बसली. नाव घ्यायचं, प्रश्न वहीच्या डोक्यावर लिहायचा, पंधरा मिनिटं जे येईल ते लिहायचं, मग आभार मानून बंद करायचं. ‘मला हे घर का सुटत नाही’ या प्रश्नाखाली नवव्या दिवशी तिनं लिहिलं: ‘पुरात सगळे वर माडीवर होते आणि मी एकटी खाली भांडी वाचवत होते. ते कुणी बघितलं नाही.’ हे तिनं सहा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. हे वाक्य कुठून आलं यावर आमचं एकमत नाही. मला ते तिचंच वाटतं, तिला मिळाल्यासारखं वाटतं. पण खर्च झाला एका वहीचा आणि दुसऱ्या कुणाच्या हाती तिच्या दुखऱ्या जागा गेल्या नाहीत.

तरी नवी माहिती येते का, हे बघायचं होतं. म्हणून मी आमच्या ८१ वर्षांच्या मामांना विचारलं. आजीची पुतळ्यांची माळ का मोडली, हे आम्हा बहिणींना माहीत नाही, मामांना माहीत आहे. त्यांनी ते कागदावर लिहून पाकीट डिंकानं बंद केलं आणि पोवई नाक्यावरून कुरिअरनं सांगलीला पाठवलं. ताईनं तीन पहाटे तोच प्रश्न धरला. प्रश्न ‘का’ चा, घराण्याचा, तिच्या नात्यातला. मानणाऱ्यांच्या नियमांत बसणारा. तिन्ही दिवशी एकच उत्तर आलं: मुलीच्या लग्नासाठी. पाकिटात होतं: ‘थोरल्या दिराची कोर्टाची तारीख होती, वकिलाची फी भरायला.’

तुम्हाला दोन्हींतलं एक निवडायचं असेल तर माझं मत असं. मनात अडकलेलं मोकळं करायचं असेल, तर स्वतः बसा, पण त्यातून आलेलं दुसऱ्याबद्दलचं काही खरं धरून कुणावर आरोप करू नका. कुटुंबं अशानं फुटलेली मी बघितलीत. रीडिंग घ्यायचंच असेल तर एकदाच घ्या, रेकॉर्ड करा, पहिली पंधरा मिनिटं नाव सोडून काही बोलू नका आणि पैशाची, जागेची, औषधाची गोष्ट त्यावर ठरवू नका. ‘कर्माची गाठ दिसतेय, ती सोडवायला आणखी पाच सत्रं लागतील’ हे वाक्य आलं की फोन ठेवा. कुणी नुकतंच गेलं असेल, निदान वर्षाच्या आत, तर रीडिंग नकोच. त्या दिवसांत कुठलंही वाक्य खोल रुततं.

ताईनं अजून टोकन दिलेलं नाही. पाकीट उघडल्यावर तिनं मामांना फोन लावला आणि तो कोर्टाचा मामला काय होता ते विचारलं. तास-दीड तास मामा बोलत होते. आता दर रविवारी ती वही घेऊन बसते आणि मामा सांगतील ते लिहून घेते.