‘काय करायलीस?’ला काय उत्तर द्यायचं: तीन पर्याय, समोरासमोर

रात्रीचे साडेनऊ. जानेवारीत सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत ओळख झालेला एक मुलगा माझ्या मैत्रिणीला मेसेज टाकतो: ‘काय करायलीस?’ ती खरोखर कडक भाकरी आणि शेंगा चटणी खात बसलेली असते. मुलगा आवडलाय, पण त्याच्या मेसेजमध्ये धरायला काहीच नाही. तिने फोन माझ्यापुढे केला. तिच्या डोक्यात दोन उत्तरं होती, मी तिसरं सुचवलं.

तिचं पहिलं उत्तर सगळेच देतात तसं: ‘काही नाही, तू?’ यात चूक काही नाही, फक्त चेंडू जसा आला तसा परत जातो. तोही ‘काही नाही’ म्हणतो, मग ‘जेवलीस का?’, मग ‘हो’, मग ‘गुड नाइट’. समोरच्याशी आज बोलायचंच नसेल तर मात्र याच्याइतकं सोयीचं उत्तर नाही. दार बंद होतं आणि आवाजही होत नाही.

दुसरं: ‘तुझाच विचार करत होते.’ हे धीट वाटतं, पण दोघांचं आधीच जुळलेलं असेल तेव्हाच शोभतं. दोन आठवड्यांच्या ओळखीत त्याला वाटणार, ही सगळ्यांना हेच पाठवत असेल. आणि तसं वाटलं तर त्याला दोष देता येत नाही, कारण हे वाक्य खरंच कुणालाही पाठवता येतं. दुसरी अडचण अशी की सगळे पत्ते पहिल्याच हाताला खाली पडतात. त्याने फक्त हसरा चेहरा पाठवला, तर तुम्ही पुढे काय लिहिणार?

तिसरं आम्ही दोघींनी मिळून लिहिलं: ‘कडक भाकरी मोडतेय. आवाज एवढा, की मी मोबाईलकडे बघून हसले तरी घरात कुणाला कळत नाही.’

पहिलं वाक्य अगदी खरं, आत्ताचं, आणि डोळ्यांसमोर उभं राहणारं. सोलापूरच्या माणसाला तो ‘कट्’ आवाज वेगळा सांगावा लागत नाही. खरी गंमत दुसऱ्या वाक्यात आहे. तुझा मेसेज बघून मी हसले, ही कबुली त्यात आहे, पण भाकरीच्या आडून दिलेली. त्याला हवी तर त्याने ती उचलावी, नको असेल तर भाकरीवर बोलावं. दोघांपैकी कुणाचीच मान खाली जात नाही. त्याला सवालही केलेला नाही, तरी विचारण्यासारखं काहीतरी हातात दिलंय.

त्याने उचललं: ‘हसायला काय झालं? मी तर काहीच बोललो नाही.’

इथे बहुतेक जण गडबडतात. पहिली ओळ जमली की लगेच लांबलचक कौतुक लिहायला लागतात आणि सगळा चुरचुरीतपणा सादळतो. आम्ही त्याचंच वाक्य पकडून परत फिरवलं: ‘तेच ना. दोन शब्द टाकलेस, तेवढ्यावर हसले. तीन टाकले असतेस तर भाकरी हातातच राहिली असती.’

मात्र हा पर्याय सगळीकडे चालत नाही. अजून ‘तुम्ही’वर असाल तर हसण्याची कबुली आगाऊ वाटते. तेव्हा ‘कडक भाकरी मोडतेय. आवाज तिकडे येत नाही ना?’ एवढंच पुरे. मेसेज रात्रीचा आणि उत्तर सकाळी असेल, तर भाकरी शिळी झालेली असते. सकाळचं जे खरं असेल तेच लिहा. आणि खोटं रचू नका. दुपारी बेचाळीस अंशांत पंख्याखाली लोळत असताना ‘तळ्याकाठी बसून वारा खातेय’ असं लिहिलंत, की पुढच्याच मेसेजला तो फोटो मागतो.

जमतंय की नाही, हे दुसऱ्या-तिसऱ्या उत्तरातच कळतं. तो तुमच्या तपशिलावर काही विचारत असेल, तुमचाच शब्द वापरून चिडवत असेल, तर जमलं. लागोपाठ दोनदा नुसतं ‘हाहा’ आलं तर तिथेच थांबायचं आणि पुढचा मेसेज त्याच्यावर सोडायचा. तिसऱ्यांदा आणखी चमचमीत ओळ पाठवली की ती चटणी राहत नाही, नुसतं तिखट होतं. आणि त्याने विषय सरळ बदलला, तर तो नकारच समजायचा.

म्हणून मी निवड अशी करते: बोलायचं नसेल तर पहिलं, जुळलेलं असेल तर अधूनमधून दुसरं, आणि आवडलाय पण अजून खात्री नाही, अशा अधल्यामधल्या दिवसांत तिसरंच.

त्या रात्री दहा मिनिटं त्याच्याकडून काहीच आलं नाही. मैत्रिणीने दुसरी भाकरी घेतली. मग फोन वाजला. त्याने जुनेच दोन शब्द पुन्हा लिहिले होते, पुढे तिसरा जोडून: ‘काय करायलीस उद्या?’