एकाच दिवशी विकलेले युनिट, नफ्याचे दोन रकाने: आयटीआर-1 चालेल की आयटीआर-2 लागेल?

पगारदार माणूस पहिल्यांदा विवरणपत्र भरायला बसतो तेव्हा त्याला आयटीआर-1 पुरेल असंच वाटत असतं. फॉर्म 16 हाताशी असतो, पोर्टलवर बरीचशी माहिती आधीच भरलेली असते. मग म्युच्युअल फंडाचं कॅपिटल गेन स्टेटमेंट उघडतं आणि विक्री एकदाच केलेली असताना त्यात ओळी अठरा दिसतात. काही ओळींचा नफा ‘Short Term’ या रकान्यात असतो, काहींचा ‘Long Term Without Index’ या रकान्यात. कोणता फॉर्म भरायचा आणि कर किती लागायचा, हे दोन्ही या दोन रकान्यांवरून ठरतं.

उदाहरणासाठी नागपूरच्या मिहानमधल्या कंपनीत नोकरी करणारी एक मुलगी घेऊ. वर्षाचा पगार 8 लाख, नवी करप्रणाली. तिने एका इक्विटी फंडात 10 एप्रिल 2024 पासून दर महिन्याला 10,000 रुपयांची एसआयपी चालवली. 10 सप्टेंबर 2025 पर्यंत अठरा हप्ते झाले. सप्टेंबर 2025 च्या शेवटच्या आठवड्यात तिला विक्री करायची आहे आणि तिच्यापुढे दोन वाटा आहेत: सगळे युनिट 24 सप्टेंबरला विकायचे, किंवा फक्त जुने झालेले तेवढेच विकायचे.

इथे आधी समजून घ्यायला हवं की एसआयपी ही एक गुंतवणूक नाही. प्रत्येक हप्ता ही स्वतंत्र खरेदी आहे आणि तिचं वय त्या हप्त्याच्या तारखेपासून मोजलं जातं. इक्विटी फंडाचे युनिट 12 महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवले तर नफा दीर्घकालीन, नाहीतर अल्पकालीन. ‘एसआयपी सुरू करून दीड वर्ष झालं, म्हणजे सगळं लाँग टर्म’ हा समज फार जणांचा असतो आणि स्टेटमेंट पाहिल्यावरच तो फिटतो.

युनिट विकताना जे आधी घेतले ते आधी गेले असं धरतात. त्यामुळे आपल्या उदाहरणात 24 सप्टेंबर 2025 ला एप्रिल ते सप्टेंबर 2024 चे सहा हप्ते दीर्घकालीन ठरतात आणि ऑक्टोबर 2024 पासूनचे बारा अल्पकालीन. तारीख बघताना बँकेतून पैसे कापले गेल्याची बघू नका, युनिट मिळाल्याची बघा. 10 ऑगस्ट 2024 हा शनिवार होता, म्हणून त्या हप्त्यासमोर स्टेटमेंटमध्ये सोमवारची, 12 ऑगस्टची तारीख असेल. नियम ‘12 महिन्यांपेक्षा जास्त’ असा आहे, म्हणून वर्ष भरतं त्याच दिवशी विक्री टाकू नये. दोन-तीन दिवस पुढे जावं.

आता आकडे. हिशोब सोपा राहावा म्हणून असं धरू की पहिल्या सहा हप्त्यांत, म्हणजे 60,000 रुपयांत, 1,250 युनिट आले आणि पुढच्या बारा हप्त्यांत, म्हणजे 1,20,000 रुपयांत, 2,400 युनिट आले. विक्रीच्या दिवशी एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा दर, 56 रुपये आहे. जुन्या युनिटचे 70,000 रुपये होतात, नफा 10,000.

नव्या युनिटचे 1,34,400 व्हायला हवेत, पण हातात तेवढे येत नाहीत. बऱ्याच इक्विटी फंडांत वर्षाच्या आत विकलेल्या युनिटवर 1 टक्का एक्झिट लोड, म्हणजे लवकर बाहेर पडल्याबद्दलची कपात, असतो. 1,344 रुपये त्यात गेले, मिळाले 1,33,056 आणि अल्पकालीन नफा उरला 13,056. हा लोड विक्रीच्या रकमेतूनच वजा होतो, त्यामुळे त्यावर कर लागत नाही. एकाच दिवशी विकलेल्या युनिटचा दर काही ओळींत 56 आणि काहींत 55.44 असा पडत असेल, तर ती चूक नाही, लोड आहे. विक्रीच्या वेळी कापला जाणारा एसटीटी, म्हणजे रोखे व्यवहार कर, मात्र नफ्यातून वजा करता येत नाही. इथे तो दोन रुपयांच्या आसपास असेल, त्यामुळे त्याची फार काळजी नको.

| | सगळे 3,650 युनिट विकले | फक्त जुने 1,250 विकले |
|---|---|---|
| हातात आले | 2,03,056 | 70,000 |
| दीर्घकालीन नफा | 10,000 | 10,000 |
| अल्पकालीन नफा | 13,056 | नाही |
| एक्झिट लोड | 1,344 | नाही |
| कर, उपकरासह | सुमारे 2,720 | शून्य |
| फॉर्म | आयटीआर-2 | आयटीआर-1 |

दीर्घकालीन नफा कलम 112ए खाली येतो. आर्थिक वर्ष 2025-26 साठी वर्षभरात मिळून 1,25,000 रुपयांपर्यंत त्यावर कर नाही, त्यावरच्या रकमेला 12.5 टक्के. अल्पकालीन नफा कलम 111ए खाली येतो आणि पहिल्या रुपयापासून त्यावर 20 टक्के कर अधिक 4 टक्के उपकर. त्याला सव्वा लाखाची सूट नाही.

नवख्या माणसाची सगळ्यात जास्त फसगत पुढच्या मुद्द्यावर होते. नव्या प्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कलम 87ए ची सूट मिळून कर शून्य होतो. आपल्या उदाहरणातल्या मुलीचा पगारावरचा कर असाच शून्य होतो आणि कंपनीने टीडीएसही कापलेला नसतो. पण ही सूट 111ए आणि 112ए सारख्या विशेष दराच्या नफ्यावरच्या कराला लागू होत नाही. म्हणून एकूण उत्पन्न 12 लाखांच्या बरंच खाली असूनही तिला 13,056 रुपयांवरचा कर भरावाच लागतो. फंड कंपनीही निवासी गुंतवणूकदाराच्या भांडवली नफ्यावर टीडीएस कापत नाही. तेव्हा हे पैसे विवरणपत्र पाठवण्याआधी स्वतः पोर्टलवर ‘e-Pay Tax’ मधून भरायचे. रक्कम 10,000 च्या खाली असल्याने आगाऊ कराचा प्रश्न येत नाही.

मग कोणती वाट धरावी? पैशांची खरोखर गरज असेल, दवाखाना असो की घराचा बयाणा, तर कर आणि लोड मिळून जाणाऱ्या चार हजारांसाठी अडून बसू नये. दोन लाखांचं वैयक्तिक कर्ज यापेक्षा महाग पडेल. पण नुसता फंड बदलायचा असेल, तर सगळं एकदम विकण्यात अर्थ नाही. स्विच केलं तरी ती करासाठी विक्रीच असते, अगदी त्याच योजनेच्या रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये गेलं तरी. जुने युनिट आत्ता हलवा आणि बाकीचे वर्ष भरेल तसे. शेवटचा हप्ता 10 सप्टेंबर 2026 नंतर मोकळा होईल.

जुने तेवढेच विकायचे असतील तर अॅपमध्ये रक्कम टाकू नका, युनिटची संख्या टाका. रक्कम टाकली की त्या दिवशीच्या एनएव्हीप्रमाणे युनिट ठरतात आणि बाजार पडला तर चार-दोन नवे युनिटही त्यात जातात. त्यावरचा नफा पन्नास रुपयेच असला तरी आयटीआर-1 हातचा जातो.

कारण आयटीआर-1 ची अट कडक आहे. करनिर्धारण वर्ष 2025-26 पासून, म्हणजे आर्थिक वर्ष 2024-25 च्या उत्पन्नापासून, त्यात 112ए चा दीर्घकालीन नफा दाखवायची सोय आली, पण तो सव्वा लाखाच्या आत हवा आणि मागून आणायचा किंवा पुढे न्यायचा तोटा नसावा. अल्पकालीन नफ्याला त्यात जागाच नाही. नुसते जुने युनिट विकले असतील तर विक्री 70,000, खरेदी 60,000, नफा 10,000 एवढंच भरायचं. कर शून्य असला तरी दाखवायचं नक्की.

आयटीआर-2 मोठा दिसतो, म्हणून लोक घाबरून सीताबर्डीवर कन्सल्टंट शोधायला निघतात. वर्षात एक-दोनच विक्री असतील तर त्याची गरज पडू नये. 31 जानेवारी 2018 नंतर घेतलेल्या युनिटसाठी शेड्यूल 112ए मध्ये प्रत्येक हप्त्याची वेगळी ओळ भरावी लागत नाही. सगळ्यांची मिळून एक ओळ चालते आणि आयएसआयएनच्या, म्हणजे योजनेच्या ओळख क्रमांकाच्या, जागी `INNOTREQUIRD` येतं. अल्पकालीन नफा मात्र भांडवली नफ्याच्या शेड्यूल सीजीमध्ये 111ए च्या जागी भरायचा. त्याच शेड्यूलच्या शेवटी नफा वर्षातल्या कोणत्या काळात झाला हे विचारतात. 24 सप्टेंबरची विक्री 16 सप्टेंबर ते 15 डिसेंबर या खान्यात जाते. ही विभागणी स्टेटमेंटच्या सारांशात तयार मिळते, फक्त बेरीज वरच्या आकड्याशी जुळली पाहिजे.

एक खड्डा ‘Short Term’ रकान्याच्या आतच असतो. समजा याच मुलीने जून 2025 मध्ये लिक्विड फंडात पैसे ठेवले, डिसेंबरमध्ये काढले आणि 1,500 रुपये नफा झाला. तोही अल्पकालीनच दिसेल, पण तो 111ए चा नाही. 1 एप्रिल 2023 पासून घेतलेल्या डेट फंडांचा नफा, किती वर्षं ठेवले ते न बघता, कलम 50एए प्रमाणे अल्पकालीन धरतात आणि त्यावर स्लॅबप्रमाणे कर लागतो. स्लॅबचं उत्पन्न असल्याने त्याला 87ए ची सूट मिळते, म्हणजे तिच्या बाबतीत या 1,500 वर कर शून्य. दोन्ही आकडे एकत्र करून 111ए मध्ये टाकले तर नसलेला कर भरला जातो. उलट केलं, इक्विटीचा नफा स्लॅबमध्ये टाकला, तर पुढे मागणीची नोटीस येऊ शकते. तेव्हा बेरीज करण्याआधी स्टेटमेंटमध्ये इक्विटी आणि डेट योजना वेगळ्या करा. फॉर्म मात्र दोन्हींसाठी आयटीआर-2 च.

स्टेटमेंट कुठून घ्यायचं यातही निवड आहे. फंड कंपन्यांच्या नोंदी प्रामुख्याने कॅम्स आणि केफिनटेक या दोन संस्थांकडे असतात आणि एका कंपनीच्या नोंदी दोघांपैकी एकीकडेच. दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे फंड असतील तर एकाच ठिकाणचं स्टेटमेंट अपुरं निघण्याची शक्यता मोठी. एमएफसेंट्रलवर दोन्हींच्या नोंदी एकत्र मिळतात. युनिट डीमॅटमध्ये असतील तर ब्रोकरचा कर अहवाल घ्यायचा.

पोर्टलवरचं एआयएस, म्हणजे आयकर खात्याकडे जमलेल्या आपल्या व्यवहारांचं वार्षिक विवरण, तपासणीसाठी चांगलं, पण नफा तिथून उचलू नये. त्यात विक्रीची नोंद असते, खरेदीची किंमत मात्र कधी अपुरी, कधी वेगळी दिसते. विक्रीची एकूण रक्कम दोन्हीकडे जुळते का ते बघा. एआयएसमध्ये जास्त दिसत असेल तर एखादा विसरलेला फोलिओ, स्विच किंवा ठराविक काळाने एका फंडातून दुसऱ्यात पैसे हलवणारी एसटीपी शोधा, बहुतेक वेळा फरक तिथेच सापडतो. स्टेटमेंट बरोबर आणि एआयएस चुकलेलं असेल तर त्या नोंदीवर तिथेच अभिप्राय नोंदवा आणि विवरणपत्रात स्टेटमेंटचा आकडा भरा.