एव्हीआर जनरेटर घ्यायचा की इन्व्हर्टर जनरेटर? आत फिरणारा चुंबक कुठला ते आधी बघा

छोटा पेट्रोल जनरेटर घ्यायला गेलं की दुकानात आवाज किती, टाकी केवढी, वॉरंटी किती वर्षांची एवढंच बोलणं होतं. पण शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन मशीनमधला खरा फरक कव्हरच्या आत आहे. एव्हीआरवाल्यात, म्हणजे व्होल्टेज आपोआप सांभाळणारं कार्ड असलेल्या मशीनमध्ये, फिरणारा चुंबक हा तारेची गुंडाळी असलेला इलेक्ट्रोमॅग्नेट असतो, इन्व्हर्टरवाल्यात कायमचे चुंबक असतात. बाकी सगळं, म्हणजे वजन, पेट्रोल, पंप उचलणार की नाही, कॉम्प्युटरला चालेल की नाही, बिघडल्यावर खर्च किती, हे बरंचसं या एका गोष्टीतून येतं. त्यामुळे आधी आत करंट तयार कसा होतो ते नीट बघू, मग निवड करणं सोपं जाईल.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडेने १७ ऑक्टोबर १८३१ ला तारेच्या पोकळ कॉइलमध्ये दांड्यासारखा चुंबक सरकवला. चुंबक आत जाताना करंट मोजायच्या यंत्राची सुई हलली, बाहेर काढताना उलट्या बाजूला हलली, आणि चुंबक आतच स्थिर ठेवला तेव्हा सुई शून्यावर. चुंबक कितीही ताकदीचा असो, कॉइलमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलत नसेल तर काही मिळत नाही, बदललं तरच व्होल्टेज येतं, आणि जितक्या पटकन बदलेल तितकं जास्त येतं. विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतात ते हेच. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये पिक्सी नावाच्या कारागिराने नालाच्या आकाराचा चुंबक हँडलने कॉइलखाली फिरवला. चुंबक आतबाहेर करण्यापेक्षा गोल फिरवणं सोपं, आणि उत्तर ध्रुव, दक्षिण ध्रुव आलटून पालटून समोर येत असल्यामुळे करंटची दिशाही आपोआप उलटसुलट होते, म्हणजे एसी तयार झाला. आजचा जनरेटर मुळात तोच आहे, हँडलच्या जागी इंजिन आलं एवढंच.

आता थोडे आकडे घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. समजा रोटरला, म्हणजे आत फिरणाऱ्या चुंबकाला, एक उत्तर आणि एक दक्षिण असे दोनच ध्रुव आहेत आणि तो ३००० आरपीएमने फिरतोय, म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या. एका फेरीत एसीची एक पूर्ण लाट, म्हणून ५० हर्ट्झ. चुंबकीय क्षेत्राचा जो एकूण ओघ कॉइलमधून जातो तो वेबर या एककात मोजतात. तो एका बाजूला जास्तीत जास्त ०.००५२ वेबर आहे असं धरा. अर्ध्या फेरीत, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात, तो पूर्ण उलटा होतो, म्हणजे बदल झाला ०.०१०४ वेबरचा. त्याला ०.०१ सेकंदाने भागलं की तारेच्या एका वेढ्यात सरासरी १.०४ व्होल्ट येतात. मीटरवर जे परिणामी व्होल्टेज दिसतं ते साइन लाटेसाठी याच्या १.११ पट, म्हणजे साधारण १.१५ व्होल्ट. असे २०० वेढे एकापुढे एक जोडले की २३० व्होल्ट झाले. खऱ्या मशीनमध्ये वेढे खाचांमध्ये पसरलेले असतात त्यामुळे ते थोडे जास्त लागतात, पण हिशोब असाच असतो.

म्हणजे वेढे एकदा गुंडाळले की आपल्या हातात दोनच गोष्टी उरतात, चुंबक किती जोरात फिरवायचा आणि तो किती ताकदीचा ठेवायचा. एव्हीआर जनरेटर वेग बांधून ठेवतो आणि ताकद बदलतो. इन्व्हर्टर जनरेटरमध्ये ताकद बांधलेली आणि वेग मोकळा.

एव्हीआरवाल्याचं बघा. हर्ट्झ थेट फेऱ्यांवर ठरतात म्हणून इंजिनला ३००० च्या आसपास राहावंच लागतं, मग तुम्ही एक बल्ब लावा नाहीतर पूर्ण लोड टाका. लोड टाकला की इंजिन दबतं, त्याचा आवाज बदलतो, तेही प्रवर्तनातूनच येतं. कॉइलमधून करंट वाहायला लागला की त्या करंटचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते रोटरला मागे ओढतं (लेन्झचा नियम). २००० वॅट बाहेर काढताय तर तेवढी ताकद, शिवाय होणारा तोटा, इंजिनला शाफ्टमधून द्यावीच लागते. इंजिनचा वेग सांभाळणारा गव्हर्नर थ्रॉटल उघडतो तरी वेग थोडा पडतोच, म्हणून असे जनरेटर रिकामे असताना ५२ हर्ट्झला म्हणजे ३१२० आरपीएमला लावतात आणि लोडवर ते ५० च्या जवळ किंवा जरा खाली येतात. वेग पडला की व्होल्टेजही पडणार, पण एव्हीआर कार्ड ते ओळखून कार्बन ब्रशमधून रोटरच्या गुंडाळीत करंट वाढवतं, चुंबक ताकदवान होतो आणि व्होल्टेज परत जागेवर येतं. हर्ट्झ मात्र एव्हीआरला सुधारता येत नाही, तो भाग इंजिनचा.

इन्व्हर्टर जनरेटरमध्ये चुंबक बहुतेक वेळा फ्लायव्हीलच्या आतल्या बाजूला गोल चिकटवलेले असतात आणि ते मधल्या स्थिर कॉइलांभोवती फिरतात. ध्रुव दोनच नसतात, भरपूर असतात. समजा १६ आहेत, म्हणजे ८ जोड्या, तर एका फेरीत ८ लाटा, आणि ४००० आरपीएमला जवळपास ५३३ हर्ट्झ. क्षेत्र इतक्या झपाट्याने उलटसुलट होत असल्यामुळे तेवढ्याच व्होल्टेजसाठी लोखंड आणि तांबं दोन्ही कमी लागतं. म्हणूनच २ केव्हीएचा इन्व्हर्टर जनरेटर साधारण वीस-बावीस किलोचा असतो, एका हाताने उचलता येतो, आणि त्याच ताकदीचा एव्हीआरवाला उचलायला सहसा दोघं लागतात. पण ५३३ हर्ट्झ घरात चालत नाहीत, शिवाय चुंबकाची ताकद बदलता येत नसल्यामुळे वेग बदलला की व्होल्टेजही तितकंच वरखाली होतं. म्हणून हा करंट आधी डीसी करतात. २३० व्होल्टच्या लाटेचं टोक ३२५ व्होल्टवर असतं त्यामुळे डीसी त्याच्या वर ठेवावा लागतो, आणि मग इलेक्ट्रॉनिक स्विच त्यातून अचूक ५० हर्ट्झची लाट परत घडवतात. इंजिनचा वेग आणि बाहेरचे हर्ट्झ यांचा संबंधच तुटला, म्हणून लोड कमी असताना इंजिन निवांत फिरू शकतं. पेट्रोल आणि आवाज दोन्ही वाचतात ते इथे.

आता निवड. तुमचा मुख्य लोड मोटर असेल तर माझं मत स्पष्ट आहे, एव्हीआर घ्या. विहिरीवरचा १ एचपीचा सिंगल फेज पंप धरा, चालताना तो ६ अँपियरच्या आसपास घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाचपट, म्हणजे ३० अँपियर मागतो. २ केव्हीएच्या इन्व्हर्टर जनरेटरचा पूर्ण करंट ८.७ अँपियर. त्याच्या इलेक्ट्रॉनिक स्विचना क्षणभरसुद्धा तिप्पट-चौपट करंट सोसत नाही म्हणून तो लगेच ओव्हरलोडचा दिवा लावून सप्लाय बंद करतो, आणि तो बरोबरच करतोय. ४ केव्हीएच्या एव्हीआरवाल्याचा पूर्ण करंट १७ अँपियरच्या थोडा वर आहे. ३० त्यालाही जास्तच, पण तांब्याची जाड तार सेकंदभर तेवढं सोसते, जड रोटरची गती मदतीला असते आणि एव्हीआर चुंबकाचा जोर वाढवतो. तरी व्होल्टेज खाली बसतंच, कारण सुरुवातीचा तो करंट कॉइलमध्ये असं क्षेत्र तयार करतो जे रोटरच्या चुंबकालाच कमजोर करतं. इथेच लहान जनरेटर घेणारे फसतात. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने पडतो, व्होल्टेज ७० टक्क्यांवर आलं तर जोर निम्म्यावर. मोटर नुसती गुणगुणतेय आणि उचलत नाहीये असं दिसलं तर दोन-तीन सेकंदात बंद करा, नाहीतर स्टार्टिंगची वाइंडिंग जळते. म्हणून पंप चालताना जेवढे केव्हीए घेतो त्याच्या साधारण तिप्पट जनरेटर धरावा, १ एचपीला ४ केव्हीए हा आकडा तिथूनच आला.

उलट घरात लाइट, पंखे, वायफाय, लॅपटॉप, टीव्ही एवढंच असेल तर इन्व्हर्टरवाला घ्या, किंमत जास्त असली तरी. एकतर असा लोड बहुतेक वेळ तीनशे-चारशे वॅटच असतो आणि तेवढ्यासाठी एव्हीआरवाला रात्रभर ३००० आरपीएमवर ओरडत बसणार. दुसरं म्हणजे यूपीएस. पुष्कळ जणांची तक्रार असते की जनरेटर चालू आहे, मीटरवर २३० दिसतंय, तरी यूपीएस बीप करतो आणि बॅटरीवरून हटत नाही. कारण यूपीएस हर्ट्झ आणि लाटेचा आकारही बघतो, फ्रीज चालू-बंद झाला की एव्हीआरवाल्याचे हर्ट्झ हलतात आणि यूपीएस सप्लाय नाकारतो.

घरही आहे आणि पंपही आहे, मग काय? एकच मशीन परवडत असेल तर पंपाच्या मापाचा एव्हीआर घ्या आणि घरातल्या नाजूक वस्तूंसाठी बॅटरीचा इन्व्हर्टर आधीच असेल तर तो त्यावर चार्ज करा. पंपाच्या मापाचा इन्व्हर्टर जनरेटर मिळतो, पण त्याची किंमत बघून बहुतेक लोक परत फिरतात.

बिघाडाचं गणितही दोघांचं वेगळं. इन्व्हर्टरवाल्यात ब्रश नाहीत, चुंबक कायमचे आहेत, वर्षभर पडून राहिला तरी इंजिन सुरू झालं की व्होल्टेज येणार. पण बोर्ड गेला तर गावातला रिवाइंडिंगवाला तो उघडू शकत नाही, अख्खा बोर्ड बदलावा लागतो. एव्हीआरवाल्यात ब्रश, कार्ड, वाइंडिंग सगळं तालुक्याला दुरुस्त होतं. त्याची अडचण अशी की सुरुवातीला चुंबक बनायला करंट हवा आणि करंट यायला चुंबक हवा, आणि हा पेच रोटरच्या लोखंडात मागे राहिलेल्या थोड्याशा चुंबकत्वावर सुटतो. खूप महिने पडून राहिला की ते जाऊ शकतं आणि मग इंजिन मस्त चालतं पण सॉकेटला काहीच नाही.

जुना एव्हीआरवाला स्वस्तात मिळतोय म्हणून बघायला गेलात तर मल्टीमीटर घेऊन जा. सगळा लोड काढून इंजिन चालू करा, ब्रेकर चालू आहे ना ते बघा आणि सॉकेटला एसी व्होल्टेज मोजा. ३ ते ८ व्होल्ट दिसले तर चुंबकत्व शिल्लक आहे, गडबड ब्रश, कार्ड किंवा रोटरच्या तारेत आहे. जवळपास शून्य असेल तर मेकॅनिककडून एव्हीआरचा कनेक्टर काढून ब्रशच्या टोकांना १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन सेकंद लावून घ्या, प्लस-मायनस बरोबर बघून. मीटरवर व्होल्टेज उसळलं तर वाइंडिंग जिवंत आहे आणि कार्ड परत जोडल्यावर मशीन बऱ्याचदा चालू होतं. बॅटरी लावूनही काटा हलला नाही तर रोटर किंवा मेन वाइंडिंग तुटलेली असू शकते, आणि मग रिवाइंडिंगचा खर्च विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.