महिना दीड हजाराची देखभाल: वेबसाइटच्या प्रस्तावाचा आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आमचं कोल्हापुरात मटण थाळीचं हॉटेल आहे. गेल्या जूनमध्ये राजारामपुरीतल्या एका फ्रीलान्स डेव्हलपर मुलीनं मला व्हॉट्सअॅपवर वेबसाइटचा प्रस्ताव पाठवला. साइट कशी दिसते याबद्दल मी इथं फार लिहिणार नाही. लिहायचंय ते त्या मेसेजबद्दल, कारण आठ महिन्यांत आमच्यात जे काही प्रश्न आले ते त्यातल्या एकेका ओळीवर सुटले, आणि एक प्रश्न त्यात ओळ नव्हती म्हणून अडला.

मेसेज असा होता:

"नमस्कार काका. काल बोललो त्याप्रमाणे लिहून देते.
काम: पाच पानं. मुख्य पान, मेनू, फोटो, पार्टी ऑर्डरचा फॉर्म, पत्ता. मेनू मोबाईलवर वाचता येईल असा टाइप केलेला असेल, पीडीएफ नाही. ऑनलाइन पेमेंट, टेबल बुकिंग, डिलिव्हरी यात नाही.
वेळ: पूर्ण मेनू, दर आणि किमान 20 फोटो माझ्याकडे आल्यापासून 21 दिवस.
पैसे: 36,000. निम्मे आधी, निम्मे साइट सुरू झाल्यावर. डोमेन आणि होस्टिंग वेगळं, ते तुमच्याच नावावर, तुमच्याच ईमेलवर घ्यायचं.
देखभाल: महिना 1,500. यात अपडेट, दर आठवड्याला बॅकअप, महिन्यातून दोनदा मेनू आणि दर बदलणं. त्यापुढं प्रत्येक वेळेला 300. नवीन पान किंवा नवीन सोय हवी असेल तर आधी खर्च सांगेन, तुम्ही हो म्हणाल तेव्हाच हात लावेन."

डोमेनची ओळ वाचली आणि मी तिथंच निम्मा तयार झालो. चार वर्षांपूर्वी एकानं आमची साइट केली होती. डोमेन त्यानं स्वतःच्या नावावर घेतलं होतं, हे मला माहीतच नव्हतं. पुढं त्यानं धंदा बदलला, फोन उचलायचा बंद झाला, नूतनीकरण कुणी केलं नाही आणि साइट गेली. हॉटेलच्या बोर्डावर, पार्सलच्या पिशव्यांवर पत्ता छापलेला आणि उघडलं तर काहीच नाही. या वेळी डोमेन घेताना ती माझ्या शेजारी गल्ल्यावर बसली आणि सगळं माझ्या ईमेलवर, माझ्या कार्डानं करून घेतलं. पासवर्ड मी वहीत लिहून ठेवलाय.

21 दिवसांचं काय झालं ते सांगतो. निम्मे पैसे मी 9 जूनला दिले आणि माझ्या डोक्यात जूनअखेर पक्की बसली. पण मेनू ठरवायला आम्हा भावाभावांत वेळ गेला, पांढऱ्या रश्श्याचे फोटो दोनदा काढले, आणि सगळं तिच्याकडं पोचलं 24 तारखेला. तिनं त्याच दिवशी मेसेज केला, "आज सगळं मिळालं, 15 जुलैला साइट देते." 14 ला दिली. पैसे दिल्यापासून 21 दिवस असं लिहिलं असतं तर उशीर तिच्या नावावर गेला असता, आणि खरं तर तो आमचा होता.

आता देखभाल. मटणाचा दर वाढला की थाळीचा दर बदलावा लागतो, हे इथं प्रत्येक हॉटेलवाल्याला माहीत आहे. मेनू पीडीएफ असता तर दर वेळी फाईल नव्यानं बनवायला लागली असती. आता मी कागदावर नवे दर लिहून फोटो पाठवतो, दुसऱ्या दिवशी साइटवर आकडा बदललेला असतो. नवरात्रात मात्र दोनचा आकडा पुरला नाही. अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरगावची गर्दी असते, त्यातल्या बऱ्याच जणांचा उपवास, म्हणून आम्ही नऊ दिवस साबुदाण्याची खिचडी आणि वरीचा भात ठेवला. त्या महिन्यात थाळीचे दर आधीच एकदा बदलले होते. उपवासाचे पदार्थ चढवणं हा दुसरा बदल झाला, दसऱ्याआधी दर दुरुस्त केला तो तिसरा. महिन्याच्या बिलात 1,800 आले. मी विचारलंही नाही, कारण 300 चा हिशेब जूनपासून माझ्या फोनमध्ये होता.

डिसेंबरमधल्या एका रविवारी मात्र गाडी अडली. कोल्हापुरात रविवार म्हणजे मटणाचा दिवस, आमचा आठवड्यातला सगळ्यात मोठा धंदा. साडेबाराला एका गिऱ्हाइकानं फोन करून सांगितलं की साइट उघडत नाही. मी बघितलं तर पांढऱ्या पानावर एकच ओळ होती:

```
Error establishing a database connection
```

तिला दोन फोन केले, मेसेज टाकला. उत्तर सोमवारी सकाळी दहाला आलं आणि साडेअकराला साइट सुरू झाली. मला राग आला होता, पण मेसेज परत वाचला तर त्यात रविवारचा शब्दही नव्हता. साइट बंद पडली तर किती वेळात बघणार, हेही नव्हतं. ना तिनं लिहिलं होतं, ना मी विचारलं होतं.

कारण तिनं मला नीट समजावलं. दर आठवड्याचा बॅकअप ज्या होस्टिंगवर साइट आहे तिथंच साठत होता. जुना काढला जात नव्हता, नवा येत होता. पाच महिन्यांत जागा भरली, डेटाबेसला लिहायला जागा उरली नाही आणि साइट बंद पडली. आणखी एक गोष्ट तिनं आपणहून कबूल केली. होस्टिंगचं खातंच गेलं असतं तर साइटबरोबर सगळे बॅकअपही गेले असते. "दर आठवड्याला बॅकअप" ही ओळ वाचून मला वाटायचं आपण सुरक्षित आहोत. तो ठेवला कुठं आणि परत चढवून बघितला का, हे विचारायला पाहिजे होतं.

दुरुस्तीचे पैसे तिनं घेतले नाहीत, चूक माझी म्हणाली. मग आम्ही हॉटेलातच बसून देखभालीचा भाग नव्यानं लिहिला. बॅकअप माझ्या गूगल ड्राइव्हवर जातो आणि शेवटचे चारच राहतात. दर तीन महिन्यांनी त्यातला एक वेगळ्या जागी चढवून साइट उघडते का ते बघायचं आणि मला स्क्रीनशॉट पाठवायचा. साइट पूर्ण बंद असेल तर रविवारीसुद्धा दोन तासांत बघायचं. दर बदलणं, फोटो टाकणं असलं काम रविवारी सांगायचं नाही, ते सोमवारी. रविवारची जबाबदारी वाढली म्हणून महिना 1,500 चे 1,900 झाले. चारशे जास्त देताना मला जड गेलं नाही, कारण त्या दिवशी दुपारपर्यंत पार्टी ऑर्डरचा एकही फॉर्म आला नव्हता, आणि इतर रविवारी दोन-तीन तरी येतात.

माझी तक्रार एकच राहिली आहे. मधूनच देखभाल थांबवायची असेल तर किती दिवस आधी सांगायचं आणि साइटचे पासवर्ड कसे हातात घ्यायचे, हे अजून कुठं लिहिलेलं नाही. जुलैत वर्ष पूर्ण होतंय. त्याआधी ती ओळ लिहून घेणार आहे.

मार्चचा चाचणीचा स्क्रीनशॉट परवा आला. 2 मार्चच्या बॅकअपमधून साइट उघडली होती, आणि त्यात थाळीचा नवा दर होता.