४ लाख ५७ हजार घेऊन कंत्राटदार पसार, आणि नोटीस पाठवायला पत्ताच नाही

अ‍ॅडव्हान्स घेऊन कंत्राटदार गायब होतात, यात नवीन काही नाही. पहिले आठ-दहा दिवस धडाक्यात तोडफोड, मग "माणसं गावाला गेलीत", मग "मटेरियल अडकलंय", मग फोन बंद. हे सगळं तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं. पुढच्या गोष्टी मात्र मला कोणी सांगितल्या नव्हत्या, म्हणून लिहितोय.

सिंहगड रस्त्यावरचा आमचा फ्लॅट वीस वर्षं जुना. दोन्ही बाथरूम, स्वयंपाकघर आणि वायरिंग मिळून ६,८०,००० रुपयांचं कोटेशन. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तिला जुनी बाथरूम वापरता येत नव्हती, त्यामुळे घाई होती आणि ती कंत्राटदाराला पहिल्या भेटीतच कळली. चाळीस टक्के म्हणजे २,७२,००० एनईएफटीने त्याच्या फर्मच्या खात्यात भरले. आमच्याच बिल्डिंगमध्ये त्याने एक किचन नीट करून दिलं होतं, ते मी पाहून आलो होतो. दोन ठिकाणांहून दरही काढले होते. म्हणजे मी काही रस्त्यावरच्या माणसाच्या हातात पैसे ठेवले नव्हते.

आता तो क्षण, जो आठवला की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. दिवाळीच्या आधी त्याचा फोन आला, "काका, प्लंबिंगचं मटेरियल आणि टाइल्स आजच बुक करायला लागतील, दर वाढतायत. दीड लाख टाका, डीलरचाच नंबर देतो." मी नंबर टाकला. स्क्रीनवर नाव आलं ते ना त्याचं, ना त्याच्या फर्मचं, ना कुठल्या डीलरचं. कुणा व्यक्तीचं साधं नाव-आडनाव. मी विचारलंसुद्धा. तो हसून म्हणाला, "शेठचं पर्सनल खातं आहे काका, जीएसटी वाचतो तुमचा." यूपीआयची मर्यादा आडवी आली म्हणून एक लाख त्या दिवशी आणि पन्नास हजार दुसऱ्या दिवशी पाठवले. म्हणजे थांबायला मला अख्खी एक रात्र मिळाली होती! वर लेबरला गावी जायला म्हणून ३५,००० रोख. रोख देताना बायकोने अडवलं, पण भिंती फोडून ठेवलेल्या, संडासाला शेजारी जावं लागत होतं. अशा वेळी कोण माणूस ताठ राहतो ते मला दाखवा.

दिवाळीनंतर कोणी आलं नाही. आला तो टाइल्सच्या दुकानाचा माणूस, टेंपो घेऊन. घरात पडलेले टाइल्सचे खोके कंत्राटदाराने उधारीवर उचलले होते, चलन त्याच्या नावावर, पैसे दिलेले नाहीत. आणि ते दीड लाख? दुकानदाराने त्या यूपीआयवरचं नाव उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. खोके लिफ्टमधून खाली गेले तेव्हा मला खरी कल्पना आली.

मग पोलीस चौकी. "साहेब, हे दिवाणी प्रकरण आहे." काम सुरू केलं होतं ना, मग फसवणूक कशी? हे ऐकून मी चिडलो, पण त्यात थोडं तथ्य आहे हे नंतर वकीलबाईंनी सांगितलं. फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ साठी, पैसे घेतानाच लुबाडण्याचा इरादा होता हे दिसावं लागतं. नुसता करार मोडला तर तो गुन्हा होत नाही. ठीक. पण भलत्याच माणसाच्या खात्यात डीलरच्या नावाने दीड लाख घेतले, हे इरादा दाखवत नाही तर काय दाखवतं? तीन वर्षं किंवा जास्त पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची सोय नव्या कायद्यात आहे. चौकशी करा आणि मग नाही म्हणा! अर्जावर आवक शिक्का मारायलासुद्धा तयार नाहीत. वर सल्ला काय, तर "तुम्हीच त्याला इथे घेऊन या, आम्ही समज देतो." तो मला सापडत असता तर मी चौकीत कशाला आलो असतो? शिक्का मिळेना म्हणून तोच अर्ज मी पोस्टाने चौकीला आणि वरिष्ठांना पाठवला. तुम्हीही तोंडी सांगून घरी येऊ नका, पोच ठेवा.

सोसायटीचं तर बोलूच नये. रिनोव्हेशनची अनामत म्हणून २५,००० माझ्याकडून घेतले, त्याच्या मजुरांचे गेटपास बनवताना आधारच्या प्रती घेतल्या. मी त्या मागितल्या तर सेक्रेटरी म्हणतात, "गोपनीय माहिती आहे." पार्किंगमधला राडारोडा उचलण्याचे पैसे मात्र माझ्याच अनामतीतून कापले.

नोटीस वकिलाच्या लेटरहेडवरच जायला हवी असं नाही आणि ग्राहक आयोगात जाण्याआधी ती सक्तीचीही नाही. तरी पाठवायची, कारण तिने तीन गोष्टी होतात: करार संपल्याची तारीख ठरते, मागणीचा आकडा ठरतो आणि समोरच्याला स्वतःची बाजू कागदावर मांडावी लागते. वकीलबाईंनी ४,००० घेतले. मी लिहून नेलेला मसुदा म्हणजे दोन पानी शिव्याच होत्या. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, "काम किती झालंय?"

मला सगळे ४,५७,००० परत हवे होते. त्या म्हणाल्या, असं मागितलंत तर त्याचा वकील एका ओळीत उत्तर देईल, की झालेलं काम मिळालेल्या पैशांपेक्षा जास्तीचं आहे. मग सिद्ध करत बसा. म्हणून नोटिशीत सगळ्यात महत्त्वाचा परिच्छेद असा गेला: अमुक तारखेला अमुक वाजता नोंदणीकृत सिव्हिल इंजिनिअर जागेवर मोजणी करणार आहे, तुम्ही किंवा तुमचा माणूस हजर राहा, न आल्यास मोजणी तुमच्या गैरहजेरीत होईल. तोपर्यंत घरात एक खिळासुद्धा हलवायचा नाही. दुसरा कंत्राटदार दारात उभा होता, आई मावशीकडे, आम्ही १८,००० भाड्याच्या घरात, आणि तरी हात लावायचा नाही! हेच सगळ्यात जड गेलं. पण नवं काम चढलं की जुनं किती होतं ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

अडचण पुढे होती. नोटीस कोणाला? कोटेशनवर एका गाळ्याचा पत्ता होता. तिथे पाठवलेली नोटीस पोस्टमनचा शेरा घेऊन परत आली, पत्ता सोडून गेला. बरोबर पत्त्यावर "घेण्यास नकार" किंवा "मागणी केली नाही" असा शेरा आला असता, तर जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम २७ खाली नोटीस पोचली असं सहसा धरलं जातं. सोडून गेला म्हटल्यावर तो आधार राहत नाही. पोस्टात विचारायला गेलो तर खिडकीवरच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "शेरा आहे ना? मग झालं."

मग वकीलबाईंनी कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेला पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक दाखवला. services.gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये तो टाका, लॉगिन लागत नाही, फुकट आहे. मालक म्हणून नाव आलं एका बाईचं, पत्ता धायरीचा, आणि नोंदणीपुढे Cancelled. रद्द तारीख माझ्या कोटेशनच्या आधीची! म्हणजे कोटेशनमध्ये १८ टक्के जीएसटी लावला होता तो कुठल्या खिशात जाणार होता ते समजा. हा शोध दोन मिनिटांचा आहे आणि तो पहिला रुपया देण्याआधी करायचा असतो. मला कोणी सांगितलं होतं? बँकेने? सोसायटीने? कोणी नाही.

दुसरी नोटीस तिघांना गेली: नोंदणीवरच्या मालकीणबाई (त्याची बायको निघाली), हा स्वतः, आणि दीड लाख ज्याच्या खात्यात गेले तो, म्हणजे मेव्हणा. सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ. निळ्या खुणा आल्या. त्या पोस्टाला पर्याय नाहीत, पण जोडीला चालतात. पुढे पुरावा म्हणून द्यायच्या असतील तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून तो फोन विकू नका आणि चॅट पुसू नका. रोख ३५,००० ची पावती नव्हती, पण त्याचा "३५ मिळाले काका" असा मेसेज होता. तेवढ्यावर ती रक्कम नोटिशीत धरता आली.

मोजणीला कोणी आलं नाही. इंजिनिअरने तोडफोड, राडारोडा, एका बाथरूमचा वॉटरप्रूफिंगचा अर्धवट थर, भिंतीतल्या झिऱ्या आणि वायर न ओढलेले पाइप असं सगळं कोटेशनच्याच दराने धरलं. झालेलं काम १,३८,४००. मिळालेले ४,५७,०००. जादा गेलेले ३,१८,६००. त्यात तीन महिन्यांचं भाडं ५४,०००, खालच्यांच्या छताला गळती लागली तिची दुरुस्ती २२,५००, इंजिनिअरचे ६,००० आणि नोटिशीचे ४,०००. मागणी ४,०५,१००, पंधरा दिवसांत, नाहीतर १२ टक्के व्याज. सगळे परत मागण्यापेक्षा हा आकडा लहान आहे, पण यातला प्रत्येक रुपया दाखवता येतो.

उत्तर आलं. आमच्या अशिलाने ३,९०,००० चं काम केलं, तुम्ही डिझाइन बदललंत, मजुरांना आत येऊ दिलं नाहीत, उलट आमचेच पैसे तुमच्याकडे येणे आहेत. मी वाचून थरथरत होतो. वकीलबाई मात्र खूश. धायरीचा पत्ता खरा आहे आणि काम अर्धवट आहे, दोन्ही त्याने वकिलामार्फत लेखी कबूल केलं होतं. ३,९०,००० ला ना बिल, ना माप.

मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी शून्य, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. "देतो, देतो" म्हणत तो ती मुदत घालवू शकतो, हे ध्यानात ठेवा. फुकट म्हणजे लवकर नव्हे. पहिल्या तारखेला कोरम नाही. पुढच्या तारखेला कारकुनाने पानांवर क्रमांक नाहीत म्हणून फाइल परत दिली, जे आधीच्या खेपेला सांगता आलं असतं. चोराला वकील लगेच मिळतो आणि आम्ही पानांना क्रमांक घालत बसायचं!

आता तक्रार दाखल करून घेतली आहे. तिघांना आयोगाची नोटीस पोचली. लेखी म्हणणं द्यायला तीस दिवस, फार तर आणखी पंधरा. त्यापुढे आयोगालाही मुदत वाढवून देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. त्याच्या वकिलाने तीस दिवस संपताना वाढीव मुदत मागितली आहे. मेव्हण्याने वेगळा वकील दिलाय आणि तो म्हणतो, पैसे माझ्या खात्यात आले पण मी ते त्यालाच दिले.